रॅम्सेच्या नावावर खपवला जाणारा अर्धा नियम

"गरजेच्या वस्तूंवर जास्त कर आणि चैनीच्या वस्तूंवर कमी, हेच शास्त्र सांगतं. फ्रँक रॅम्सेने 1927 मध्ये हे गणिताने सिद्ध केलंय. लोक गरजेची वस्तू घेणं थांबवत नाहीत, त्यामुळे तिथे कर लावून कुणाचंच नुकसान होत नाही. न्याय वगैरे भावनेच्या गोष्टी आहेत, गणितात त्यांना जागा नाही. गरिबांची एवढी काळजी असेल तर नंतर त्यांना पैसे द्या."

करांबद्दल बोलताना असा दावा केला जातो. आधी रॅम्से या ब्रिटिश गणितज्ञाने खरंच काय सिद्ध केलं ते पाहू. त्याला प्रश्न घातला होता केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी: सरकारला ठरावीक महसूल हवा आहे आणि तो फक्त वस्तूंवरच्या करांतून उभा करायचा आहे, तर लोकांचं कमीत कमी नुकसान होईल असे दर कोणते? रॅम्सेचं उत्तर दरांबद्दल नव्हतं, खपाबद्दल होतं. कर फार मोठे नसतील, तर ते असे लावावेत की प्रत्येक वस्तूचा खप सारख्याच प्रमाणात घटेल. किंमत वाढूनही जिची मागणी फारशी हलत नाही, म्हणजे अलवचीक असते, तिचा खप तेवढाच घटवायला मोठा दर लागतो. "गरजेच्या वस्तूंवर जास्त" हे निघतं ते इथून, आणि तेही एका वस्तूची किंमत बदलल्याने दुसरीची मागणी बदलत नाही असं धरलं तरच.

आता नुकसानाचा मुद्दा. करामुळे लोकांच्या खिशातून दोन गोष्टी जातात. एक, सरकारला मिळालेली रक्कम. दोन, महाग झाल्यामुळे जी खरेदी झालीच नाही तिचं समाधान. ते कुणालाच मिळत नाही. या दुसऱ्या भागाला आपण वाया गेलेला तोटा म्हणू. रॅम्सेचा नियम कमी करतो तो हा दुसरा भाग. पहिला भाग कुणीतरी भरतोच. मागणी अलवचीक असते याचा अर्थ माणसाला पळवाट नाही, म्हणून तो पूर्ण कर भरतो.

हे आकड्यांत पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. समजा दोन वस्तू आहेत, एक गरजेची, एक चैनीची. कर नसताना दोन्हींवर मिळून 2000 एकक खर्च होतो, प्रत्येकीवर 1000. किंमत 10 टक्क्यांनी वाढली तर गरजेच्या वस्तूचा खप 2 टक्क्यांनी घटतो, चैनीच्या वस्तूचा 10 टक्क्यांनी. रॅम्सेच्या नियमाने गरजेवर 20 टक्के आणि चैनीवर 4 टक्के कर बसतो, दोन्हींचा खप 4 टक्क्यांनीच घटतो. महसूल येतो 230, वाया जाणारा तोटा 4.8. एकच दर ठेवून तेवढाच महसूल हवा असेल, तर दोन्हींवर साधारण 12.5 टक्के लावावे लागतात आणि तोटा होतो 9.3. म्हणजे रॅम्सेने समाजाचे 4.5 एकक वाचवले. हा फायदा खरा आहे, आणि तो नाकारणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

पण हे 2000 खर्च करतंय कोण? समजा दोन घरं आहेत. गरीब घर गरजेवर 400 आणि चैनीवर 50 खर्च करतं, श्रीमंत घर 600 आणि 950. किमतीला दोघांचा प्रतिसाद सारखाच धरू. एकसारख्या दराने गरीब घर सुमारे 54 कर भरतं आणि श्रीमंत 176; दोघांच्याही खर्चाच्या साधारण 11 ते 12 टक्के. रॅम्सेच्या दरांनी गरीब घर जवळपास 79 भरतं, म्हणजे खर्चाच्या साडेसतरा टक्के, आणि श्रीमंत 152, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडं कमी. वाया गेलेला तोटाही ज्याच्या त्याच्या नावावर टाकला, तर एकसारख्या दराकडून रॅम्सेच्या दरांकडे जाताना श्रीमंत घराचा जवळपास 30 एककांचा फायदा होतो आणि गरीब घराचं 25 एककांचं नुकसान. आधीचे वाचलेले 4.5 म्हणजे या दोन आकड्यांतला फरक.

तीस भागिले पंचवीस म्हणजे सुमारे 1.2. गरीब घरातल्या एका एककाचं मोल श्रीमंत घरातल्या एककापेक्षा वीस टक्क्यांनी जास्त आहे, एवढंच मान्य केलं की फायदा संपतो. त्याहून जास्त धरलं की या दोन पर्यायांत एकसारखा दर सरस ठरतो. म्हणजे "गरजेवर जास्त कर" हा निष्कर्ष दोघांचं एकक अगदी सारख्या मोलाचं मानण्यावर उभा आहे. ते मानणं हासुद्धा न्यायाबद्दलचाच निर्णय आहे. रॅम्सेला हे पक्कं ठाऊक होतं. वेगवेगळ्या माणसांना पैशाचं मोल वेगळं असतं, ही बाब आपण बाजूला ठेवतो आहोत, असं त्याने लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलं होतं. त्याच्या नावाने दावा करणारे ते वाक्य गाळतात, याचा मला राग येतो.

न्यायाला जागाच नाही म्हणणाऱ्यांनी त्यांचा युक्तिवाद शेवटपर्यंत न्यावा. वाया जाणारा तोटा हाच एकमेव निकष असेल, तर रॅम्सेचे करही नकोत; डोईपट्टी लावा. दर घरी 115 एकक, खरेदी कितीही करा. किमती बदलत नाहीत, म्हणून किमतीमुळे खरेदी टाळली जात नाही आणि तोटा शून्य. गरीब घराच्या खर्चाचा चौथा हिस्सा त्यात जाईल. ही सूचना ऐकून बहुतेकांना जे खटकतं तो न्यायाचाच विचार आहे. डोईपट्टी न्यायासाठी नाकारायची आणि पुढच्याच पायरीवर न्याय वगळायचा, यात सुसंगती नाही.

गणितात न्यायाला जागा आहेच. डायमंड आणि मिर्लीस या अर्थशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये आणि पुढे डायमंडने 1975 मध्ये अनेक माणसांच्या समाजासाठी हा नियम पुन्हा मांडला. त्यात सगळ्या वस्तूंचा खप सारखा घटवायचा नसतो. ज्यांच्या एककाला समाज जास्त मोल देतो अशी घरं ज्या वस्तू जास्त घेतात, त्यांचा खप कमी घटवायचा. त्यामुळे गरजेच्या वस्तूवर दोन बाजूंनी ओढ असते: अलवचीक मागणी दर वर ढकलते, गरिबांचा मोठा वाटा तो खाली खेचतो. कोणती ओढ जिंकेल हे आकडे आणि मोल ठरवतात.

राहिला शेवटचा उपाय, आधी घ्या आणि नंतर परत द्या. सुरुवातीच्या दाव्यातला हा सर्वांत गंभीर मुद्दा आहे. पण सरकारला प्रत्येक घराचं उत्पन्न दिसत असेल आणि उत्पन्नानुसार कर व मदत हवी तशी आखता येत असेल, तर वस्तूंवर वेगवेगळे दर ठेवायचं कारणच उरत नाही, असं ॲटकिन्सन आणि स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये दाखवलं. त्यालाही अट आहे: माणूस किती काम करतो यावरून त्याची वस्तूंमधली निवड बदलता कामा नये. अट पाळली गेली तर एकसारखा दर पुरतो आणि रॅम्सेचा गरजेच्या वस्तूंवरचा चढा दर निरर्थक ठरतो. उत्पन्न दिसत नसेल, तर परतफेड योग्य घरी पोचवायचा मार्गही नसतो. मग हातात उरतात ते वस्तूंवरचे दर, आणि ते ठरवायला मागणीची लवचीकता पुरत नाही. कोणती वस्तू कोणत्या घरात किती जाते हेही मोजावं लागतं.