डेल्टा शून्य म्हणजे जोखीम शून्य? एका विकलेल्या स्ट्रॅडलचा हिशेब

> “ऑप्शनची पोझिशन डेल्टा-न्यूट्रल करून ठेवली की एका दिवसाचा व्हीएआर जवळपास शून्य येतो. गॅमा ही दुसऱ्या क्रमाची बारीक गोष्ट आहे, एका दिवसाच्या हालचालीत तिने फरक पडत नाही. फारच वाटलं तर गॅमाचं व्हेरियन्स त्यात मिळवा, २.३३ने गुणा, आणि दहा दिवसांसाठी √१०ने. बाकी सगळा गणिती दिखावा आहे.”

वरच्या दाव्यातल्या पहिल्याच वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळी गडबड तिथेच आहे. डेल्टा म्हणजे भाव एक पॉइंट हलला की पोझिशनची किंमत किती हलते ते. व्हीएआर म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव दिवशी तोटा ज्याच्या पुढे जात नाही तो आकडा.

एक साधी पोझिशन घेऊ. अंतर्निहित मालमत्तेचा भाव १००, स्ट्राइक १००, वार्षिक व्होलॅटिलिटी २० टक्के, एक्स्पायरीला २० ट्रेडिंग दिवस बाकी, व्याजदर शून्य धरलेला. आपण १००० स्ट्रॅडल विकले आहेत, म्हणजे १००० कॉल आणि १००० पुट. ब्लॅक-शोल्सने हातात आलेला प्रीमियम सुमारे ४४९५. पोझिशनचा डेल्टा −२२.५ निघतो. तेवढे नग विकत घेतले की डेल्टा नेमका शून्य.

डेल्टा-नॉर्मल पद्धत आता काय करते? किमतीच्या वक्र आलेखाला आजच्या भावापाशी स्पर्शरेषा काढते आणि त्या रेषेलाच पोझिशन समजते. रेषेचा उतार शून्य, म्हणून व्हीएआरही शून्य. व्होलॅटिलिटी २० टक्के ठेवा नाहीतर ६० टक्के, उत्तर तेच. जोखमीचं माप व्होलॅटिलिटीला दादच देत नसेल, तर ते नक्की काय मोजतंय हा प्रश्न तिथेच पडायला हवा.

खरी पोझिशन ही स्पर्शरेषा नाही, उलटी ठेवलेली वाटी आहे. आपण तिच्या माथ्यावर उभे आहोत. माथ्यावर जमीन सपाट असते हे खरं, पण डावीकडे पाऊल टाका की उजवीकडे, उतारच लागतो. ही वक्रता म्हणजे गॅमा. या पोझिशनचा गॅमा सुमारे −१४२ आहे: भाव एक पॉइंट वर गेला की डेल्टा शून्यावरून −१४२च्या आसपास जातो, एक पॉइंट खाली आला की तितकाच धन होतो. भाव चढताना आपण शॉर्ट होत जातो आणि पडताना लाँग, म्हणजे दोन्ही वेळा चुकीच्या बाजूला. डेल्टा-गॅमा पद्धत टेलर विस्तारातलं पुढचं पद घेऊन ही वाटी अन्वस्ताने रेखाटते:

```
ΔV ≈ Δ·x + ½·Γ·x² + Θ·t
```

इथे x म्हणजे भावातला बदल, t म्हणजे गेलेला काळ, आणि Θ म्हणजे थीटा, नुसता काळ सरल्याने पोझिशनच्या किमतीत होणारा बदल. आपला Δ शून्य आहे, म्हणून गॅमा आणि थीटा एवढंच उरतं. एका दिवसाचं प्रमाण विचलन २० भागिले √२५२, म्हणजे १.२६ पॉइंट. थीटा आपल्या बाजूने आहे: दिवसाला सुमारे ११२. सरासरी दिवशी गॅमाचा तोटाही बरोबर ११२ असतो. हा योगायोग नाही. विकणाऱ्याला थीटा मिळतो तो याच तोट्याची भरपाई म्हणून. प्रश्न सरासरी दिवसाचा नाही, शंभरातल्या एका दिवसाचा आहे.

इथे एक खाच आहे, आणि गॅमा घेणारेही पुष्कळदा तिच्यात अडकतात. ९९ टक्क्यांसाठी २.३३ हा आकडा तोंडपाठ असतो, म्हणून x च्या जागी २.३३ प्रमाण विचलनं घालून लोक मोकळे होतात. पण तो आकडा एकाच शेपटीचा आहे. आपलं नुकसान दोन्ही बाजूंना होतं, म्हणून एक टक्का दोन शेपटांत वाटावा लागतो, प्रत्येकी अर्धा. मग आकडा येतो २.५७६. हेच दुसऱ्या शब्दांत: नुकसान x² च्या प्रमाणात आहे, आणि प्रसामान्य चलाचा वर्ग काय-वर्ग वितरणाने चालतो. एका मुक्तिमात्रेच्या काय-वर्गाचं ९९वं शतमक ६.६३५, म्हणजेच २.५७६चा वर्ग.

तर हालचाल ३.२५ पॉइंटची. गॅमाचा तोटा सुमारे ७४५, त्यातून थीटाचे ११२ वजा. डेल्टा-गॅमा व्हीएआर झाला ६३३. घेतलेल्या प्रीमियमचा सातवा हिस्सा एका दिवसात, आणि त्याच पोझिशनसमोर रेषीय पद्धतीच्या रकान्यात शून्य.

अन्वस्तावर विश्वास का ठेवायचा, असं कोणी विचारेल. ठेवू नका, पडताळून पाहा. एक दिवस कमी करून, व्होलॅटिलिटी तीच ठेवून, दोन्ही टोकांना ऑप्शनची किंमत ब्लॅक-शोल्सने नव्याने काढली की हेज धरून नुकसान येतं वरच्या बाजूला सुमारे ६१७ आणि खालच्या बाजूला ६४३. अन्वस्ताचे ६३३ बरोबर मधे बसतात.

“बारीक गोष्ट” या मुद्द्याचं उत्तर यातच आलं. पहिल्या क्रमाचं पद जिवंत असेल तर दुसरं पद लहान ठरतं. हेज करून पहिलं पद आपणच पुसून टाकलं की उरलेलं तेवढंच सगळं असतं. हेज नसतानाही ते नगण्य नाही. याच भावाचे १००० कॉल नुसते विकले, तर डेल्टा-नॉर्मल १४९८ सांगतं, आणि गॅमा-थीटा धरून सुमारे १७४६ येतात.

मात्र दावा करणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. रेषीय पद्धत *नेहमी* कमी दाखवते, असं उलट दिशेने ठोकून दिलं जातं, तेही चूक आहे. हेच कॉल विकत घेतलेले असते, तर रेषा तेच १४९८ सांगते आणि खरं नुकसान सुमारे १२५० असतं, कारण भाव पडताना डेल्टा आटत जातो. धोका लपतो तो गॅमा ऋण असताना. बँकांच्या बाजार-जोखमीसाठी बासल समितीने १९९६ साली केलेल्या दुरुस्तीत हीच विषमता दिसते. तिथल्या ‘डेल्टा-प्लस’ पद्धतीत गॅमासाठी वेगळं भांडवल लागतं, सूत्र तेच ½·Γ·x² चं, आणि मोजले जातात फक्त ऋण परिणाम. ज्यांना तो दिखावा वाटतो, त्यांनी नियमाचा हा भाग जरूर वाचावा.

आता व्हेरियन्स मिळवण्याचा सल्ला. हा मला पहिल्या चुकीपेक्षा घातक वाटतो. शून्य पाहून निदान कोणीतरी चमकतो, हा आकडा मात्र शहाणा दिसतो. आपल्या पोझिशनच्या रोजच्या नफा-तोट्याचं प्रमाण विचलन सुमारे १५९ आहे. २.३३ने गुणलं की ३७०. खरं उत्तर ६३३. गॅमा मोजला, तरी चाळीस टक्के जोखीम गायब!

कारण असं की २.३३ हा गुणक प्रसामान्य वितरणाचा आहे आणि आपला नफा-तोटा प्रसामान्य राहिलेलाच नाही. नफ्याला ११२ची कमाल मर्यादा आहे, तोट्याला मर्यादा नाही. बहुतेक दिवस थोडे थोडे पैसे येतात आणि एखाद्या दिवशी एकदम जातात. अशा कलत्या वितरणाचा स्क्यूनेस, म्हणजे एका बाजूला कलण्याचं माप, इथे −२.८३ आहे, प्रसामान्याचा शून्य असतो. ९९ टक्क्यांवर योग्य गुणक २.३३ नाही, जवळजवळ ४ आहे.

पोझिशन एकाच मालमत्तेवर असेल तर काय-वर्गाचं कोष्टक पुरतं. अनेक मालमत्तांवर असेल तर कॉर्निश-फिशर विस्तार वापरतात: स्क्यूनेस आणि कर्टोसिस, म्हणजे शेपटांच्या जाडीचं माप, घालून गुणक सुधारून घ्यायचा. आपल्या उदाहरणात तो ६६७ देतो, थोडा जास्त पण सुरक्षित बाजूचा. इतक्या कलत्या वितरणावर हा विस्तार ताणला जातो हे ध्यानात ठेवावं. शंका आली तर सरळ सिम्युलेशन करावं: x चे हजारो नमुने काढून अन्वस्तात घालायचे आणि क्रमाने लावायचे. प्रत्येक नमुन्याला ऑप्शनची किंमत नव्याने काढावी लागत नाही, म्हणून हे झटपट होतं.

√१० बद्दल फार बोलण्यासारखं नाही. काळाच्या वर्गमुळाने वाढतं ते x. आपलं नुकसान x² चं आहे, म्हणून ते काळाच्याच प्रमाणात वाढतं: हेज न हलवता दहा दिवस बसलात तर दहापट, सव्वातीनपट नाही. √१० ने सुमारे २००० येतात, अन्वस्ताने ६३३०, आणि टोकांना नव्याने किंमत काढली तर साधारण ५५५० ते ६०००. इतक्या मोठ्या हालचालीत अन्वस्त थोडं अतिशयोक्त होतं, पण वर्गमुळाचा आकडा खऱ्याच्या जेमतेम एक तृतीयांश आहे.

हीच अतिशयोक्ती एक्स्पायरीजवळ ठळक होते, आणि तिथे डेल्टा-गॅमाचं समर्थन मी करणार नाही. हाच स्ट्रॅडल शेवटच्या दिवशी घ्या. प्रीमियम उरलाय सुमारे १००५, गॅमा साडेचारपट झालाय. ३.२५ पॉइंटच्या हालचालीला अन्वस्त सुमारे २८३० नुकसान सांगतं. खरं नुकसान? उद्या स्ट्रॅडलची किंमत सरळ ३२५० होणार, वजा १००५, म्हणजे जवळपास २२४०. शेवटच्या दिवशी आलेख वाटी उरत नाही, कोपरा होतो, आणि कोपऱ्यावर अन्वस्त बसत नाही. ओळखायची युक्ती सोपी: भाव एक, दोन, तीन प्रमाण विचलनं वर-खाली हलवून सहा ठिकाणी पूर्ण किंमत काढायची आणि अन्वस्ताशेजारी ठेवायची. फरक बोचण्याइतका झाला की पूर्ण पुनर्मूल्यांकनाशिवाय गत्यंतर नाही. बॅरियर ऑप्शनला तर ते पहिल्या दिवसापासूनच लागतं, कारण बॅरियरपाशी गॅमाचं चिन्हच पालटू शकतं.

आणि वरच्या सगळ्या आकड्यांत व्होलॅटिलिटी जागची हललेली नाही. या स्ट्रॅडलचा व्हेगा असा आहे की इम्प्लाइड व्होलॅटिलिटी एक टक्का-बिंदू चढली की सुमारे २२५ जातात. ती २० वरून २३ वर गेली, तर भाव तसूभर न हलता ६७० च्या घरात तोटा, म्हणजे आत्ता इतक्या खटपटीने काढलेल्या ६३३ पेक्षा जास्त. मोठ्या पडझडीच्या दिवशी दोन्ही गोष्टी एकदम होतात, आणि सूत्रात व्हेगाचं पद नसेल तर त्यातला एकच भाग मोजला जातो.