-1 लावला म्हणजे ताजी नोंद मिळाली, असं नाही

> "XLOOKUP च्या शेवटी फक्त -1 लावा, त्या मालाची सगळ्यात ताजी नोंद मिळते. डेटा मोठा असेल तर -2 लावा, तेच काम झपाट्याने होतं."

आधी या दाव्यातल्या "शेवटी" या शब्दाकडे बघू, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. एक्सेलमध्ये यादीतून हवी ती नोंद शोधून आणणाऱ्या या फंक्शनला सहा जागा आहेत: काय शोधायचं, कुठे शोधायचं, काय आणायचं, नाही सापडलं तर काय दाखवायचं, जुळणी कशी करायची आणि शोध कुठून सुरू करायचा. खालून वर शोधणारा -1 हा सहाव्या जागेचा. आमच्या किराणा घाऊक दुकानाच्या खरेदी वहीतला हा तुकडा घ्या, A मध्ये तारीख, B मध्ये माल, C मध्ये दर:

```
     A            B        C
2    03-04-2025   तूरडाळ    118
3    05-04-2025   साखर     41
4    12-04-2025   तूरडाळ    124
5    15-04-2025   पोहे      52
6    08-04-2025   तूरडाळ    121
```

E2 मध्ये तूरडाळ लिहिलंय. बरोबर सूत्र असं:

```
=XLOOKUP(E2,B2:B6,C2:C6,"नाही",0,-1)
```

आता दोन स्वल्पविराम कमी पडले आणि -1 चौथ्या जागी बसला, तर एक्सेल कुरकुर करत नाही. निमूटपणे वरून शोधतं आणि 118 देतं. पाचव्या जागी बसला तरी उत्तर 118 च, कारण तिथे -1 चा अर्थ "नेमकं नसेल तर क्रमात त्याच्या लगेच आधीचं" असा होतो. दोन्ही वेळा आकडा अगदी खरा वाटतो, म्हणून चूक दिसत नाही. ती पकडायची तर वहीत नसलेला माल टाकून बघा. मी मसूरडाळ टाकतो. चौथ्या जागेची चूक असेल तर दर म्हणून -1 येतो. पाचव्या जागेची असेल तर मसूरडाळीच्या नावावर पोह्यांचे 52 येतात, कारण या यादीत अक्षरक्रमाने मसूरच्या लगेच आधी पोहेच आहेत. सूत्र बरोबर असेल तरच "नाही" दिसतं.

आता मुख्य मुद्दा, "ताजी". वरचं बरोबर सूत्र 121 देतं. पण तूरडाळीचा शेवटचा दर 124 आहे, 12 तारखेचा. 8 तारखेचं बिल उशिरा हाती आलं आणि तळाला चढवलं गेलं, एवढंच झालं. -1 तारखेच्या रकान्याकडे बघतच नाही. त्याला फक्त तळातली ओळ कळते. वही रोजच्या रोज तारखेनुसार चढत असेल तर तळातली तीच ताजी, आणि दावा खरा ठरतो. पण ज्यांच्याकडे बिलं उशिरा येतात (म्हणजे जवळपास सगळ्यांकडेच), त्यांनी तारखेलाच विचारावं:

```
=XLOOKUP(1,(B2:B6=E2)*(A2:A6=MAXIFS(A2:A6,B2:B6,E2)),C2:C6,"नाही",0,-1)
```

MAXIFS त्या मालाची सर्वांत अलीकडची तारीख काढतं. माल आणि तारीख दोन्ही जुळतील त्या ओळीपुढे गुणाकारातून 1 येतो, आणि XLOOKUP तो 1 शोधतं. उत्तर 124. इथेही शेवटचा -1 ठेवलाय तो मुद्दाम: एकाच दिवशी दोनदा खरेदी झाली तर नंतर चढवलेली ओळ यावी.

हे चालायला A रकान्यात खऱ्या तारखा हव्यात. कॉम्प्युटरवर तारखेची मांडणी अमेरिकन, म्हणजे महिना आधी, असेल तर 15-04-2025 नुसता मजकूर होऊन डावीकडे चिकटतो, तो निदान दिसतो. 12-04-2025 मात्र 4 डिसेंबर होऊन उजवीकडे गुपचूप बसतो. शंका आली की रकाना महिन्याच्या नावासकट दाखवून बघा.

-2 चा सल्ला तर सरळ सोडून द्या. -2 म्हणजे "वेगवान -1" नव्हे. तो यादी उतरत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतो, मधली ओळ बघतो आणि अर्धी यादी न वाचताच टाकून देतो. आमच्या वहीत मालाची नावं कशीही आलेली. टाकलेल्या अर्ध्यातच तूरडाळ असेल तर उत्तर चुकलं. कधी योगायोगाने बरोबरही येतं, आणि मग माणूस त्याच्यावर विश्वास ठेवतो, ते जास्त वाईट.

एक गोष्ट दाव्यात नाही, पण रोज नडते. माल आला, दर ठरायचा आहे, म्हणून C मोकळा ठेवला, तर -1 त्या ओळीवर थांबून 0 दाखवतो. मोकळ्या ओळी वगळायच्या असतील तर:

```
=XLOOKUP(1,(B2:B6=E2)*(C2:C6<>""),C2:C6,"नाही",0,-1)
```

आणि ही फाइल ज्याच्याकडे पाठवणार त्याच्याकडे एक्सेल 2016 किंवा 2019 असेल तर XLOOKUP च नाही. सूत्र पुन्हा मोजलं गेलं की #NAME? येईल. तिथे तळातली ओळ काढायला जुनी युक्ती अजून चालते:

```
=LOOKUP(2,1/(B2:B6=E2),C2:C6)
```

तीही 121 च देते, 124 नाही.