मुळावर उठलेले पाहुणे

सक्युलंट विकणारे लोक एक वाक्य हमखास टाकतात: "काहीच करावं लागत नाही हो याला." ते खरंही आहे. आपण काही करत नाही आणि कुंडीच्या आत दुसरंच कुणीतरी सगळं उरकत असतं.

आमची झेब्रा हावर्थिया उन्हाळ्यापासून रुसून बसली होती. पानांची टोकं तांबूस, अंग सुरकुतलेलं. पाणी दिलं तरी सुरकुत्या, नाही दिलं तरी सुरकुत्या. पाणी दिल्यावरही पानं भरत नसतील तर मुळं कामावर नाहीत असं समजावं. पण आमच्या घरात कुठल्याही झाडाला काहीही झालं की एकच निदान होतं, "पाणी जास्त झालं." निवडुंग कुणी पायाखाली चिरडला तरी घरचे हेच म्हणतील.

पाऊस सरला, ऑक्टोबर लागला आणि मी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. मातीचा गड्डा अख्खाच्या अख्खा हातात आला. कुंडीच्या आतल्या भिंतीवर निळसर झाक असलेली पांढरी भुकटी बसली होती आणि मुळांच्या बेचक्यांत कापसाचे बारीक पुंजके अडकले होते.

घरात ताबडतोब तज्ज्ञांची समिती बसली. नवरा म्हणाला, "बुरशी आहे. ही मुळांना मदत करते, ठेव तशीच." सासूबाई म्हणाल्या, "खार फुटलाय, आपल्या बोअरच्या पाण्याचा." कन्येने मोबाइलमधून डोकं वर न काढता "परलाइट" असा एकशब्दी अहवाल दिला. तिन्ही शक्यता खोट्या नव्हत्या, म्हणून तिन्ही तपासल्या. परलाइट म्हणजे कुंडीच्या मातीत मिसळतात ते हलके पांढरे खडे. तो नखाखाली दाबला की करकरतो, हा नुसता चिकट फासला गेला. खार पाण्याने भिजतो. यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो गोल मोती होऊन घरंगळला, कारण तो पांढरा थर मेणाचा असतो. शेवटी कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन एक पुंजका पुसला. मेण विरघळलं आणि खालून फिकट गुलाबी, जेमतेम दोन मिलिमीटरचा एक जीव निघाला. भिंगातून त्याचे पाय हलताना दिसले. बुरशीला पाय नसतात. नवऱ्याने समितीचा राजीनामा दिला.

हा पिठ्या ढेकूण, त्यातलाही मुळांवर राहणारा. पानांवरचा पिठ्या निदान दिसतो तरी. हा जमिनीखाली बसून रस पितो आणि वर झाड आपल्या नशिबाला दोष देत सुकत जातं. त्याला कोरडी माती फार मानवते, म्हणजे सक्युलंटची जी पथ्यं आपण जिवापाड सांभाळतो तीच याची चैन. त्यामुळे पाणी तोडून तो मरत नाही. पाण्याने भिजतही नाही, मेणाचा रेनकोट असतो ना. याची नुकती जन्मलेली पिल्लं मात्र उत्साही असतात. कुंडीच्या भोकातून बाहेर पडायचं, ट्रेमधल्या पाण्याबरोबर शेजारच्या कुंडीत बिऱ्हाड करायचं. माझ्या एकाच ट्रेमध्ये हावर्थियाच्या शेजारी गॅस्टेरिया आणि एक जेड होता. उपटल्यावर दोघांच्याही मुळांवर तीच भुकटी.

एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बाल्कनीतून विचारलं, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "ढेकूण झालेत, काकू." संध्याकाळपर्यंत आमच्या गाद्यांची चौकशी अख्ख्या इमारतीने केली.

उपचारांचा पहिला भाग म्हणजे आंघोळ. सगळी माती झटकून पिशवीत बांधायची आणि थेट कचऱ्यात. "बागेत टाक, वाया कशाला घालवतेस?" या सासूबाईंच्या सूचनेला पहिल्यांदाच स्पष्ट नकार दिला, कारण त्या बागेत टाकलेल्या मातीबरोबर पाहुणेही तिकडे राहायला जातात. मग बाथरूममध्ये हँडशॉवरच्या जोरदार धारेखाली मुळं धुतली. हावर्थियाची मुळं जाड, रसदार असतात, ती धुणं सोसतात. जी पोकळ, तपकिरी झाली होती आणि ज्यांच्या गुंत्यात कापूस घट्ट बसला होता, ती कात्रीने सरळ छाटली. इथे हात आखडतो खरा. पण सक्युलंटची सगळी पुंजी पानांत असते. निरोगी बुंधा शिल्लक असेल तर ते नवी मुळं फोडतं. मुळांवर दया दाखवली तर ढेकणांवरही दाखवली जाते.

दुसरा भाग औषधाचा. हळद, कडुनिंबाचं तेल वगैरे घरगुती सल्ले आले, पण मातीत लपलेल्या, मेण पांघरलेल्या किड्याच्या अंगाला ते नीट लागतच नाहीत. म्हणून कृषी सेवा केंद्रात जाऊन इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे कीटकनाशक मागितलं.

"किती एकर?" दुकानदाराने विचारलं.

"तीन कुंड्या."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या पर्समागे कुठे शेत दिसतंय का ते पाहिलं.

प्रमाण लिटरभर पाण्याला अर्धा मिली. ते मोजायला सुई नसलेली सिरिंज उत्तम. हातमोजे घालून त्या पाण्यात मुळं अर्धा तास बुडवली. स्वयंपाकघरातलं भांडं घेतलं नाही हे वेगळं सांगायला नको, पण आमच्याकडे ते मोठ्याने सांगावं लागलं. हे आंतरप्रवाही औषध आहे, म्हणजे मुळांनी ते शोषायला हवं. नुकत्या छाटलेल्या मुळांना ते कुठलं जमणार? पहिल्या बुडवणीत अंगाला लागून जेवढे मरतात तेवढेच मरतात. अंडी तर बहुधा वाचतातच. म्हणून नवी मुळं फुटल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी, तेच पाणी कुंडीत पुन्हा ओतावं लागतं. लोक इथेच दगा खातात: पहिल्या धुण्यानंतर झाड छान दिसतं, बाटली माळ्यावर जाते आणि दोन महिन्यांनी भिंतीवर पुन्हा निळसर भुकटी. हे औषध मधमाशांना घातक असतं, म्हणून फुलावर आलेल्या झाडाला देऊ नये. निथळलेलं पाणी सासूबाईंच्या कढीपत्त्याकडे आणि तुळशीकडे जाऊ नये म्हणून मी कुंड्यांना वेगळ्या ताटल्यांत नजरकैदेत ठेवलं.

औषधाच्या दोन मात्रांच्या मध्ये वाळवण. मुळं छाटलेलं झाड लगेच ओल्या मातीत लावलं तर जखमेतून कुजतं. म्हणून तिन्ही झाडं चार-पाच दिवस सावलीत वर्तमानपत्रावर उघडीवाघडी पडून राहिली. येणारा प्रत्येक पाहुणा "अरे, मेली का?" म्हणून हळहळायचा. मग कुंड्या उकळत्या पाण्याने घासून नव्या कोरड्या मिश्रणात ती लावली आणि पुढचा आठवडाभर पाण्याचा थेंब दिला नाही. हावर्थियाच्या बुडाशी दोन पिल्लं होती, तीही धुऊन वेगळी लावली, आई दगावलीच तर वंश तरी राहावा म्हणून.

आई दगावली नाही. जेडची एक फांदी मात्र बुडातच मऊ पडली, ती गेली. हावर्थियाचं मधलं पान नव्याने, सरळ वर निघालं, तेव्हाच खाली मुळं कामावर रुजू झाल्याचं कळलं.

आता नर्सरीत गेले की मी झाड घेण्याआधी कुंडी उलटी करून तळाची भोकं बघते. कधीकधी विचारून मुळंही बघते. परवा एक माळीबुवा चिडून म्हणाले, "ताई, पाहण्याचा कार्यक्रम आहे का इथं?" मी म्हटलं, "हो. मुलीच्या घरचे कोण कोण सोबत राहणार, तेवढं बघतेय."