मोठी राशी, छोटी राशी आणि केसेस टाळण्याचा सल्ला

«max किंवा min असलेली असमानता आली की केसेस पाडत बसू नका. दोन्ही पदावल्यांना तीच असमानता लावा, दोन्ही उकली काढा आणि त्यांचा छेद घ्या, झाले उत्तर. केसेस पाडल्याच, तरी केसची अट पुन्हा लावायची गरज नाही, शेवटी सगळे एकत्रच करायचे असते. नाहीतर केवल मूल्याचे सूत्र वापरा, त्यात केसेस लागतच नाहीत.»

छेदाचा नियम पूर्ण खोटा नाही, आणि म्हणूनच तो विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसतो. max(2x − 1, 5 − x) ≤ 4 हे उदाहरण घ्या. दोघांपैकी मोठी राशी 4 पेक्षा जास्त नाही, याचा अर्थ दोन्ही राशी 4 पेक्षा जास्त नाहीत. त्यामुळे 2x − 1 ≤ 4 म्हणजे x ≤ 5/2, आणि 5 − x ≤ 4 म्हणजे x ≥ 1. दोन्हींचा छेद 1 ≤ x ≤ 5/2, आणि हे उत्तर बरोबर आहे. आता फक्त चिन्ह उलटे करून max(2x − 1, 5 − x) > 4 सोडवू. पहिल्या पदावलीतून x > 5/2 मिळते आणि दुसरीतून x < 1. यांचा छेद रिकामा आहे, म्हणून या सल्ल्याप्रमाणे असमानतेला उकलच नाही. पण x = 0 ठेवून पाहा: दोन राशी −1 आणि 5 येतात, मोठी 5, आणि 5 हे 4 पेक्षा मोठे आहेच. मोठी राशी 4 च्या वर जायला दोघांपैकी एकच वर गेली तरी पुरते, म्हणून येथे «आणि» नव्हे तर «किंवा» लागते, छेद नव्हे तर संयोग लागतो, आणि खरे उत्तर x < 1 किंवा x > 5/2 हे आहे. min च्या बाबतीत हेच उलट होते: छोटी राशी 4 च्या वर असेल तर दोन्ही वर असतात, आणि छोटी 4 च्या खाली असेल तर निदान एक खाली असते.

सल्ला देणाऱ्यांच्या बाजूने एवढे मान्य करायलाच हवे की max किंवा min एका बाजूला एकटेच उभे असेल आणि «आणि» की «किंवा» हे नीट ठरवले असेल, तर केसेस न पाडताही उत्तर मिळते, मग दुसऱ्या बाजूला संख्या असो वा x ची पदावली. खरी अडचण येते ती max दुसऱ्या कशाला गुणलेले असते तेव्हा. म्हणून पुढचे उदाहरण मी सविस्तर सोडवतो.

x · max(x, 2) < 3 ही असमानता घ्या. प्रथम मोठी राशी कोणती हे ठरवायचे, आणि ते x वर अवलंबून आहे. x ≥ 2 असेल तर मोठी राशी x, आणि असमानता x² < 3 होते. तिची उकल −√3 < x < √3, पण √3 सुमारे 1.73 आहे, म्हणजे या अंतरालातील एकही संख्या 2 किंवा त्याहून मोठी नाही. या केसमधून काहीच मिळत नाही. x < 2 असेल तर मोठी राशी 2, असमानता 2x < 3, म्हणजे x < 3/2, आणि हे सर्व x आपोआप 2 पेक्षा लहान आहेत. अंतिम उत्तर x < 3/2.

आता अट वगळून पाहा. पहिल्या केसमधून −√3 < x < √3 तसेच ठेवले आणि दुसरीतले x < 3/2 त्याला जोडले, तर संयोग x < √3 येतो. त्यात x = 1.6 बसते, पण तेथे मोठी राशी 2 आहे, गुणाकार 3.2 येतो, आणि 3.2 हे 3 पेक्षा लहान नाही. संयोगाऐवजी छेद घेतला तर −√3 < x < 3/2 मिळते आणि x = −5 निसटते, जेथे गुणाकार −10 आहे आणि असमानता निर्विवाद खरी आहे. एक मार्ग खोटे x आत घेतो, दुसरा खरे x बाहेर टाकतो. कारण साधे आहे: x² < 3 ही असमानता आपण x ≥ 2 मानूनच लिहिली होती, त्यामुळे 1.6 वर तिला मूळ प्रश्नाशी काही संबंधच उरत नाही. प्रत्येक केसमध्ये आधी केसच्या अटीशी छेद, आणि मग केसेसचा आपापसात संयोग, हा क्रम मोडता येत नाही.

चूक झाली आहे का हे ओळखण्याची एक सोपी पारख आहे, जी मी वहीत उत्तराखाली लिहायला लावतो. दोन सलग फलांपैकी मोठे फलही सलगच असते, म्हणून उत्तराच्या टोकाच्या बिंदूवर दोन्ही बाजू समान यायला हव्यात. x = 3/2 वर 1.5 × 2 = 3, बरोबर. x = √3 वर मात्र 2√3, म्हणजे सुमारे 3.46 येते, आणि ते टोक खोटे असल्याचे तेथेच उघड होते. ही पारख खोटे टोक पकडते, पण एखादा बिंदू किंवा आख्खा तुकडाच सुटला असेल तर तो पकडेलच असे नाही; त्यासाठी टोकांच्या मधल्या प्रत्येक भागातील एकेक संख्या आणि केस जेथे बदलते तो बिंदू मूळ असमानतेत ठेवून पाहावा लागतो.

केवल मूल्याचे सूत्र खरे आहे: max(a, b) = (a + b + |a − b|)/2. पण |a − b| उलगडायचे म्हणजे a ≥ b आणि a < b असे दोन भाग पाडायचे, आणि ह्या त्याच दोन केसेस आहेत. त्या टाळण्यासाठी बरेच जण वर्ग करतात, आणि तेथे अपघात होतो. वरची असमानता या सूत्राने x|x − 2| < 6 − x² − 2x अशी होते. x = −5 ठेवल्यास डावीकडे −35, उजवीकडे −9, आणि −35 < −9 खरे आहे. वर्ग केल्यावर मात्र 1225 < 81 असे होते. ऋण राशींचा वर्ग करताना क्रम उलटतो, म्हणून वर्ग करण्याआधी दोन्ही बाजूंची चिन्हे तपासावी लागतात, म्हणजे पुन्हा केसेसच, आणि त्याही जास्त.

केसेस पाडणारेही एका ठिकाणी नेहमी घसरतात. max(x, 2 − x) ≤ 1 सोडवताना «x > 1» आणि «x < 1» अशा दोन केसेस लिहिल्या, की पहिलीत x ≤ 1 येते, दुसरीत x ≥ 1 येते, दोन्ही रिकाम्या ठरतात आणि विद्यार्थी «उकल नाही» असे लिहून मोकळा होतो. x = 1 वर दोन्ही राशी 1 आहेत, असमानता खरी आहे, आणि तीच एकमेव उकल आहे. दोन राशी समान असतात तो बिंदू कोणत्याही एका केसमध्ये घातला तरी चालतो, दोन्हींत घातला तरी बिघडत नाही, फक्त तो दोन्हींतून सुटता कामा नये.