१२ हर्ट्झची रेघ आणि कायरल केंद्राची अट

“J १२ हर्ट्झच्या वर असला की अल्कीन ट्रान्स, खाली असला की सिस; आणि CH₂ चे दोन प्रोटॉन वेगवेगळे दिसले, तर रेणूत कायरल केंद्र असलेच पाहिजे.”

प्रोटॉन एनएमआर स्पेक्ट्रम वाचताना वापरला जाणारा हा दुहेरी नियम; यात J म्हणजे दोन प्रोटॉनांच्या परस्पर कपलिंगमुळे त्यांच्या रेषा किती हर्ट्झने विभागतात ते. पण सर्व अल्कीनांना लागू पडेल अशी एकच रेघ ओढता येत नाही. मिथाइल सिनॅमेटच पाहा. ट्रान्स समघटकाचे दोन डब्लेट ७.७ आणि ६.४ पीपीएमजवळ येतात व J १६ हर्ट्झ भरतो. सिस समघटकात ते सुमारे ६.९५ आणि ५.९५ ला असतात आणि J सुमारे १२.६ हर्ट्झ असतो. वरच्या नियमाने हा सिस एस्टरही ट्रान्स ठरेल. उलट व्हिनाइल फ्लोराइडमध्ये ट्रान्स J जवळजवळ तितकाच, म्हणजे १२.७, आणि सिस J अवघा ४.७ हर्ट्झ आहे, कारण फ्लोरिनसारखा विद्युतऋण अणू दोन्ही मूल्ये खाली ओढतो. टिकते ते एवढेच की त्याच दोन गटांच्या जोडीत ट्रान्स J सिसपेक्षा मोठा असतो. म्हणून दोन्ही समघटकांचे मिश्रण हाती असेल तर निर्णय सोपा असतो. एकच असेल, तर तुलना त्याच प्रकारच्या गटांच्या ज्ञात संयुगाशी करावी आणि तरीही शंका उरल्यास एनओई, म्हणजे अवकाशात जवळ असलेल्या प्रोटॉनांचा एकमेकांच्या सिग्नलवर होणारा परिणाम, पाहावा.

कायरल केंद्राची अट मोडायला स्टायरीन पुरेसे आहे. त्याच्या टोकाच्या CH₂ चे प्रोटॉन ५.७५ आणि ५.२४ पीपीएमला वेगळे दिसतात. शेजारच्या प्रोटॉनशी एकाचा J १७.६ तर दुसऱ्याचा १०.९ हर्ट्झ असतो आणि आपसात जेमतेम १. यांतल्या एकाच्या जागी ड्युटेरियम घातला तर सिस किंवा ट्रान्स समघटक मिळतो, म्हणजे हे प्रोटॉन डायस्टिरिओटॉपिकच आहेत. खरी कसोटी ही अदलाबदलीची आहे, आणि ती कागदावरच करता येते.

संतृप्त कार्बनवरही हेच घडते. ॲसिटाल्डिहाइडच्या डायइथाइल ॲसिटालमध्ये एकही कायरल केंद्र नाही, तरी OCH₂ चा साधा क्वार्टेट न येता सुमारे ३.६५ आणि ३.५ पीपीएमला दोन गुंतागुंतीचे समूह येतात. प्रत्येकात मिथाइलशी ७ हर्ट्झचे आणि जोडीदार प्रोटॉनशी सुमारे ९.४ हर्ट्झचे विभाजन असते. नवखा माणूस याला अशुद्धी समजून नमुना पुन्हा शुद्ध करायला घेतो, आणि स्पेक्ट्रम अर्थातच तसाच राहतो. दोन वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांवर नोंद घेतली की शंका फिटते: हर्ट्झमध्ये मोजलेला J बदलत नाही, रासायनिक विस्थापनातला हर्ट्झमधला फरक मात्र क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. डायस्टिरिओटॉपिक प्रोटॉनांची विस्थापने योगायोगाने जुळली, तर त्यांच्यातले जेमिनल, म्हणजे एकाच कार्बनवरच्या प्रोटॉनांमधले, कपलिंग रेषांत उमटत नाही आणि ते समान भासतात. अशा वेळी ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्मऐवजी ड्युटेरेटेड बेंझीन वापरल्यास ते कधीकधी वेगळे होतात.