‘घरगुती कारणास्तव’ आणि लाल शाईचा शेरा

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी 14 ते 23 अशी दहा दिवसांची अर्जित रजा टाकली होती. अर्ज परत आला. समासात लाल शाईत शेरा, ‘कामाचा व्याप पाहता नामंजूर.’

ऑफिसात सल्ला एकच, "मेडिकल टाक अन् जा लातूरला." बरं नसल्याचं खोटं सर्टिफिकेट जोडायचं माझ्या जिवावर आलं. भांडायलाही जागा नव्हती. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या रजा नियमांतला दहावा नियमच सांगतो की रजा हक्क म्हणून मागता येत नाही.

मग माझाच अर्ज पुन्हा वाचला. कारण लिहिलं होतं, ‘घरगुती कारणास्तव’. यातून साहेबांना काय कळणार? माझ्याकडं आस्थापनेचं टेबल. ‘सेवार्थ’वर पगार बिल तयार करून 20 तारखेच्या आत कोषागारात द्यायचं, आणि मी नेमका 14 पासून गायब! शेरा लाल होता, पण चुकीचा नव्हता.

आधी डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशन आठवडाभर पुढं ढकललं तर चालेल का? म्हणाले, चालेल. आईला सांगितलं तर म्हणे, "सायब सुट्टी देईना का रं? माजा डोळा दाखवू का त्येला?"

दुसऱ्या अर्जात पहिल्या शेऱ्याचा जावक क्रमांक टाकला आणि सरळ लिहिलं: ऑपरेशन 21 ला. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे आहेत. दोन बाटल्या सारख्याच दिसतात, आईला वाचता येत नाही, घरात तिसरं माणूस नाही. बहीण पुण्याहून 26 च्या रात्री येईल, म्हणून दहाऐवजी सहाच दिवस, 21 ते 26. पगार बिल 19 लाच कोषागारात देऊन पोच फाइलला लावतो. शेजारच्या टेबलचे लिपिक तोवर माझं काम पाहतील, त्यांची सही सोबत आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्या रजेत त्यांचं टेबल मी सांभाळीन.

‘चोवीस तास फोनवर उपलब्ध राहीन’ असं मुद्दाम लिहिलं नाही. ते कुणालाच जमत नसतं. रोज 4 ते 5 एवढंच लिहिलं. पासवर्डही कुणाला देऊन जाणार नव्हतो. माझ्या लॉगिनवर दुसऱ्यानं चूक केली तर उत्तर मलाच द्यावं लागतं. म्हणून त्या दिवसांपुरतं काम रीतसर शेजारच्या लिपिकांच्या नावावर देण्याची विनंती केली.

अर्ज ट्रेमध्ये न टाकता हातात दिला. साहेबांनी एकच विचारलं, "कोषागारानं आक्षेप काढला तर?"

हे मात्र अर्जात राहून गेलं होतं. तिथंच उभ्यानं पेननं ओळ वाढवली: वेतनवाढ लागलेल्या तिघांच्या आदेशांच्या प्रती वेगळ्या फाइलीत काढून ठेवतो. आमच्याकडं बिल अडतं ते बहुतेक तिथंच.

पाच दिवस मंजूर झाले. सहाव्या दिवशीचे थेंब शेजारच्या काकूंनी घातले. एका बाटलीला मी लाल दोरा बांधून ठेवला होता.