टायटल आणि हेडिंग वेगळं का ठेवलं: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू (१ स्टार): "गुगलवर आमच्या टॉवेलच्या पानाचं नाव एक दिसतं आणि पान उघडलं की वर दुसरंच. दोनदा सांगितलं तरी सारखं करून दिलं नाही. भाच्यानं बघितलं, तो म्हणाला दोन्ही एकच पाहिजे, वेबसाईटमध्ये गडबड आहे. आणि चादरीच्या पानाला तर यांनी टाकलेलं नाव गुगलवर येतच नाही. मग पैसे कशाचे घेतले?"

वेबसाईट बनवून देणाऱ्या मालकांचं उत्तर:

नमस्कार शेठ. फोनवर बोललोच आहोत, पण तुम्ही इथं चारचौघांत लिहिलंय, तर उत्तरही इथंच देतो. तुमच्या दुकानाचं नाव मुद्दाम घेत नाही.

आधी टॉवेलचं पान. त्याच्या कोडमध्ये आज हे आहे (दुकानाचं नाव तेवढं काढलंय):

```html
<title>हॉटेल-लॉजसाठी टर्किश टॉवेल होलसेल, सोलापूर</title>

<h1>हॉटेल आणि लॉजसाठी टॉवेल</h1>
```

पहिली ओळ म्हणजे टायटल. ती पानावर कुठंच दिसत नाही. ती दिसते ब्राउझरच्या टॅबवर, बुकमार्क केलं तर तिथं, हिस्ट्रीत आणि गुगलच्या यादीतल्या निळ्या अक्षरांत. दुसरी ओळ म्हणजे हेडिंग. गिऱ्हाईक पान उघडतं तेव्हा फोटोच्या वर मोठ्या अक्षरांत जे वाचतं ते.

आता गिऱ्हाईक कुठं उभं आहे ते बघा. कोल्हापूरच्या एखाद्या लॉजवाल्यानं मोबाईलवर 'हॉटेल टॉवेल होलसेल' असं शोधलं. समोर दहा-बारा नावं एकाखाली एक आली. त्या यादीत तुमचा लोगो मोठा दिसत नाही, दुकानाचा फोटो नाही, वरचा मेनू नाही. जे काही सांगायचं ते त्या एका ओळीनंच सांगायचंय: माल कुठला, कुणासाठी, किरकोळ की होलसेल, गाव कुठलं. म्हणून टायटलमध्ये 'होलसेल' आणि 'सोलापूर' हे शब्द आहेत.

तोच माणूस पानावर आला की चित्र बदलतं. वर दुकानाचं नाव आहे, पत्त्यात सोलापूर आहे, हेडिंगखाली मोजमाप आणि वजनाचा तक्ता आहे, त्याच्याखाली 'होलसेल दर मागवा' असं बटण आहे. हेडिंगमध्ये परत 'टर्किश टॉवेल होलसेल सोलापूर' लिहिलं तर माहिती काहीच वाढत नाही. उलट मोबाईलवर तीन ओळींचं हेडिंग होतं आणि तक्ता स्क्रीनच्या खाली ढकलला जातो. तुमच्या धंद्यातलंच सांगतो. ट्रान्सपोर्टला टाकायच्या गाठीवर तुम्ही पार्टीचं नाव, गाव, माल, नग सगळं लिहिता, आणि दुकानात त्याच मालाच्या फळीवर नुसतं 'डबल' लिहिलेलं असतं. दोन्ही चिठ्ठ्या बरोबरच आहेत.

दोन्ही तंतोतंत सारखं ठेवा, असं गुगलच्या सूचनांत कुठंही नाही. तुमच्या भाच्याला तसं का वाटलं तेही कळतं. साधी वर्डप्रेस साईट असली की पानाला एकदा नाव दिलं की थीम तेच नाव दोन्हीकडं टाकते, टायटलला फार तर शेवटी साईटचं नाव जोडते. त्यामुळं बहुतेकांनी दोन्ही सारखंच बघितलेलं असतं. आम्ही टायटलचा रकाना वेगळा उघडून भरलाय. ही गडबड नाही, त्याच कामाचे पैसे आहेत.

मात्र वेगळं म्हणजे काहीही नव्हे. शब्द वेगळे चालतात, वस्तू एकच पाहिजे. टायटलमध्ये 'हॉटेलसाठी टॉवेल होलसेल' आणि आत हेडिंग 'लग्नाच्या आहेरासाठी गिफ्ट सेट' असं असतं तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी ठरली असती. आलेला माणूस आपण चुकीच्या पानावर आलो असं समजून लगेच मागं फिरतो. आमची तपासणी साधी आहे. टायटल वाचायचं, डोळे मिटायचे, मग हेडिंग वाचायचं. 'हां, हेच शोधत होतो' असं वाटलं तर जोडी जमली.

आणि सगळीकडं वेगळं ठेवायचा आमचा हट्टही नाही. तुमच्याच साईटवर 'नवी सोलापुरी चादर पहिल्यांदा कशी धुवावी' हा लेख आहे. तिथं टायटल आणि हेडिंग अक्षरशः एकच आहे. ते वाक्य यादीत एकटं ठेवलं तरी पुरतं आणि पानावरही पुरतं. याच्या उलट 'संपर्क' पान. पानावर नुसतं 'संपर्क' चालतं, पण कुणाच्या ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडे असतील तर 'संपर्क' हा टॅब कुणाचा ते कसं कळणार? म्हणून त्याच्या टायटलमध्ये तुमच्या दुकानाचं नाव आहे. ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडरही पान उघडल्यावर आधी टायटलच वाचून दाखवतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

आता चादरीचं पान. इथं तुमचं म्हणणं बरोबर आहे, आम्ही टाकलेलं टायटल गुगल दाखवत नाही. पण का दाखवत नाही ते नीट समजून घ्या, कारण साईटवर हीच जागा खरी नाजूक आहे.

टायटल ही गुगलला केलेली सूचना असते, हुकूम नव्हे. यादीत काय छापायचं ते गुगल स्वतः ठरवतं. 2021 साली त्यांनी ही पद्धत बदलली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सांगितलं की साधारण 87 टक्के वेळा पानाचं टायटलच वापरलं जातं. उरलेल्या वेळी ते दुसरीकडून मजकूर उचलतात, आणि पानावरचं मोठं हेडिंग ही त्यातली अगदी हाताशी असलेली जागा. टायटल अर्धवट असेल, सगळ्या पानांना एकच टायटल चिकटवलेलं असेल, किंवा टायटलमध्ये जुनं साल आणि हेडिंगमध्ये नवं साल असेल, तर हा बदल होऊ शकतो. आणखी एक कारण आहे, मराठी साईटवाल्यांना सगळ्यात जास्त नडणारं: पानाची भाषा एक आणि टायटलची दुसरी. गुगलच्या सूचनांत हे स्पष्ट आहे की टायटल पानाच्या मुख्य मजकुराच्या भाषेत आणि लिपीत असावं, नाहीतर ते दुसरा मजकूर निवडू शकतात.

तुमचं चादरीचं पान वरपासून खालपर्यंत मराठीत आहे. पुण्या-मुंबईची इंग्रजीत शोधणारी गिऱ्हाइकं यावीत म्हणून तुम्ही त्याचं टायटल इंग्रजीत करायला सांगितलंत. असं टिकत नाही, हे आम्ही तेव्हाच बोललो होतो. तरी तुमची इच्छा म्हणून केलं. आता गुगलवर काय दिसतंय? 'आमच्या मागावरची ऊब'. हे तुमचं हेडिंग आहे, तुम्हीच हौसेनं दिलेलं. ओळ सुंदर आहे, मला स्वतःला आवडते. पण यादीत ती एकटी पडली की चादर की घोंगडी की स्वेटर, काहीच कळत नाही. पानावर खाली चादरीचा फोटो असतो म्हणून ती ओळ शोभते.

यातला मुद्दा टॉवेलच्या पानालाही लागू आहे. हेडिंग हा टायटलचा राखीव गडी आहे. कधी त्याला मैदानात उतरावं लागेल सांगता येत नाही, म्हणून हेडिंग कितीही आटोपशीर ठेवलं तरी त्यात वस्तूचं नाव हवंच. टॉवेलच्या पानावर उद्या गुगलनं टायटल सोडून हेडिंग उचललं तरी 'हॉटेल आणि लॉजसाठी टॉवेल' दिसेल. होलसेल आणि सोलापूर जाईल, पण गिऱ्हाईक फसणार नाही. चादरीच्या पानाला हा आधारच नाही.

तर चादरीच्या पानासाठी आमचा प्रस्ताव असा:

```html
<title>सोलापुरी जॅकार्ड चादर, सिंगल व डबल बेड, थेट कारखान्यातून</title>

<h1>सोलापुरी जॅकार्ड चादरी</h1>
<p>आमच्या मागावरची ऊब</p>
```

तुमची ओळ जात नाही, हेडिंगच्या खाली तशाच मोठ्या, देखण्या अक्षरांत राहते. टायटल मराठीत येतं. कामाचे शब्द पुढं आहेत, कारण टायटलला गुगलनं अक्षरांची मर्यादा घातलेली नसली तरी दाखवताना ते स्क्रीनच्या रुंदीप्रमाणं शेपूट कापतात. कापलं तर 'थेट कारखान्यातून' कापलं जाऊ दे, 'चादर' नको. इंग्रजीत शोधणाऱ्यांसाठी इंग्रजीत वेगळं पान लागेल, टायटल आणि हेडिंग दोन्ही इंग्रजी, आतला मजकूरही इंग्रजी. त्याचा खर्च वेगळा आहे, तो आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही व्हॉट्सअपवर लिंक पाठवता तेव्हा खाली जे नाव उमटतं, त्यासाठी कोडमध्ये `og:title` अशी तिसरी जागा असते. ती आम्ही दोन्ही पानांवर टायटलसारखीच ठेवलीय. तिथंही लिंक एकटीच जाते, आजूबाजूला पान नसतं.

तुम्ही होकार दिलात की बदल त्याच दिवशी होईल. लगेच गुगलवर बघू नका. त्यांनी पान पुन्हा वाचून नवं नाव दाखवायला काही दिवस ते काही आठवडे जातात, ते आमच्या हातात नाही. भाच्याला सांगा, कॉम्प्युटरवर पान उघडून राइट क्लिक करून `View page source` घ्यायचं आणि त्यात `<title` शोधायचं. तिथं नवी ओळ दिसली म्हणजे आमचं काम झालं. महिनाभरानंतरही गुगल दुसरंच दाखवत असेल तर आम्हाला कळवा, मग नेमकं कुठला मजकूर उचललाय त्यावरून कारण शोधता येतं: हेडिंगचे शब्द आले असतील तर एक गोष्ट, दुसऱ्या साईटवरच्या लिंकचे शब्द आले असतील तर दुसरी.

एक विनंती आहे. साईटमध्ये बदल करायच्या पॅनेलचा पासवर्ड तुमच्याकडे आहे आणि असायलाच पाहिजे. पण गड्ड्याच्या यात्रेत किंवा दिवाळीत 'सर्व चादरींवर सूट' टाकायचं झालं तर ते हेडिंगच्या जागी टाकू नका. हेडिंगच्या वर पिवळी पट्टी ठेवलीय, ती त्यासाठीच आहे. हेडिंग बदललं आणि नेमकं त्याच आठवड्यात गुगलनं पान वाचून तेच हेडिंग उचललं, तर यात्रा संपून गेल्यावरही यादीत सूटच दिसत राहील आणि गिऱ्हाईक फोनवर तुमच्याशीच भांडेल.